डंखाची सूज आणि ॲलर्जीच्या खुणा

मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली की आधी जाणवतो तो चटका. मिनिटभरात त्या जागी पांढुरकी गाठ उठते, तिच्या मध्यभागी बारीक टिंब दिसते आणि भोवती लाली पसरते. कळ तासा-दोन तासांत ओसरते. सूज मात्र काही तास वाढत राहते आणि एक-दोन दिवसांत उतरते. खाज त्याहून थोडी जास्त रेंगाळते. यातले काहीही ॲलर्जी नव्हे. हे सरळ विषाचे काम आहे आणि ज्याला डंख होईल त्याला ते कमी-अधिक प्रमाणात होतेच.

मधमाशीच्या विषाचा जवळपास निम्मा भाग, पाण्याचा अंश वगळला तर, मेलिटिन नावाच्या एका पदार्थाचा असतो. तो पेशींची आवरणे फोडतो. आग होते ती मुख्यतः त्याच्यामुळे. विषातले दुसरे एक विकर पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकट भाग सैल करते, म्हणून विष टोचल्या जागी साचून न राहता भोवती पसरते. काही घटक कातडीतल्या मास्ट पेशींना थेट डिवचतात. या पेशींत हिस्टामिनचा साठा असतो. तो बाहेर पडला की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते. त्यांच्या भिंती पाझरू लागतात, म्हणून सूज येते. आणि मज्जातंतूंची टोके चाळवली जातात, म्हणून खाज सुटते. एका डंखातून मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाइतके विष आत गेले तरी एवढे सगळे घडते.

मधमाशीची नांगी करवतीसारखी दातेरी असते. ती कातडीत अडकते आणि माशी उडाली तरी विषाच्या पिशवीसह तिथेच राहते. पिशवीचे स्नायू नंतरही आकुंचन पावत राहतात आणि पहिल्या वीसेक सेकंदांतच बहुतेक विष आत ढकलले जाते. नांगी चिमटीत धरली तर पिशवी दाबली जाऊन उरलेले विष आत जाते, म्हणून ती नखाने किंवा कार्डाने खरवडूनच काढावी, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आला. १९९६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात नांगी खरवडून काढली की चिमटीने, याने गाठीच्या आकारात फरक पडला नाही. फरक पडला तो ती काढायला किती सेकंद लागले याने. तेव्हा कार्ड शोधत बसण्यापेक्षा हाताला येईल तशी, पण ताबडतोब नांगी काढणे शहाणपणाचे. गांधीलमाशी सहसा नांगी मागे ठेवत नाही; उलट तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. मधमाशीच्या नांगीबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो पोळ्यातल्या इतर माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो. म्हणून आधी त्या जागेपासून दूर जावे.

साध्या डंखावर फार काही करावे लागत नाही. जागा साबणाने धुवावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या लगेच उतरवाव्यात, कारण सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. खाजेसाठी सेट्रिझिनसारखी गोळी पुरते. लोखंड घासणे हा घरोघरी माहीत असलेला उपाय आहे. लोखंडाचा थंडपणा क्षणभर बरा वाटतो, पण घासण्याने विष पसरायला मदत होते आणि कातडी सोलवटते. चुन्याने तर भाजतेच. दुसऱ्या दिवशी दिसणारी लाली डंखाची की चुन्याची, हे मग सांगता येत नाही.

काही जणांची सूज मात्र एवढ्यावर थांबत नाही. बोटाला डंख झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट, कधी कोपरापर्यंतचा हात सुजलेला, कढत आणि ताठ झालेला असतो. दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि एक दिवसाहून अधिक टिकणारी सूज वैद्यकात ‘मोठी स्थानिक प्रतिक्रिया’ म्हणून ओळखली जाते. ती पहिले २४ ते ४८ तास वाढतच जाते आणि उतरायला पाच ते दहा दिवस घेते. तिच्यात ॲलर्जीचा भाग असतो, कारण शरीराने आधीच्या डंखातून त्या विषाची ओळख ठेवलेली असते. पण ती ॲलर्जी त्याच जागेपुरती राहते. अशा माणसांपैकी पुढच्या डंखाला सर्वांगीण प्रतिक्रिया येणारे साधारण शंभरात पाच-दहाच असतात. सूज दिसायला कितीही भयंकर असली तरी ती जिवाला धोका करत नाही. थंड शेक, हात उंच ठेवणे, खाजेची गोळी आणि फारच त्रास असेल तर डॉक्टरांनी दिलेला काही दिवसांचा स्टेरॉइडचा डोस, एवढ्यावर ती निभावते.

या सुजेची खरी अडचण अशी की ती जंतुसंसर्गासारखी दिसते. लाल, गरम, दुखरा हात पाहून प्रतिजैविके सुरू केली जातात, सूज आपल्या वेळेने उतरते आणि श्रेय गोळ्यांना मिळते. दोन्हींतला फरक वेळापत्रकावरून कळतो. विषाने आलेली लाली पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी जास्तीत जास्त असते आणि तिच्यात दुखण्यापेक्षा खाज अधिक असते. जंतुसंसर्ग डंखानंतर क्वचितच होतो आणि झालाच तर उशिरा होतो: उतरू लागलेली सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढते, दुखणे वाढते, ताप येतो, पू दिसतो. पेनाने लालीच्या कडेने रेघ ओढून वेळ लिहून ठेवली तर लाली पुढे सरकते आहे की मागे, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. हाता-पायावरून वर चढणारी लाल रेघ पहिल्याच दिवशी दिसली तर ती बहुधा विषाचीच असते. तापासह तिसऱ्या दिवशी दिसली तर मात्र दवाखाना गाठावा.

आतापर्यंतच्या सगळ्या खुणांत एक गोष्ट समान आहे: सूज केवढीही असो, ती डंखाच्या जागेशी सलग जोडलेली असते. बोटापासून कोपरापर्यंत सुजलेला हात हा एकच अखंड पट्टा असतो. ॲलर्जी सर्वांगीण होऊ लागते तेव्हा हा नियम मोडतो. डंख पायाला आणि गांधी पोटावर, डंख हाताला आणि खाज टाळूला, डंख पाठीला आणि सूज ओठांना, असे काही दिसले की ती स्थानिक प्रतिक्रिया राहिलेली नसते. सुजेच्या आकारापेक्षा तिची जागा अधिक बोलते. तळहातावरची दोन सेंटिमीटरची गाठ आणि काखेत सुटलेली खाज, ही जोडी कोपरापर्यंत सुजलेल्या हातापेक्षा कितीतरी धोक्याची असते.

असे का होते, हे मास्ट पेशींकडे पुन्हा पाहिले की समजते. आधीच्या एखाद्या डंखानंतर काही माणसांचे शरीर विषातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. ती रक्तात फिरतात आणि शरीरभरच्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. पुढच्या डंखाच्या वेळी विषाचे कण रक्तातून जिथे जिथे पोचतात तिथल्या मास्ट पेशी एकदम रिकाम्या होतात. कातडीवर गांधी उठतात, श्वासनलिका आखडतात, आतड्यांत मुरडा येतो. सर्वांत वाईट म्हणजे सगळ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या एकाच वेळी रुंदावतात आणि गळू लागतात. तीव्र प्रतिक्रियेत दहा मिनिटांत रक्तातला एक तृतीयांशापर्यंत द्रव वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. हृदय जोरात पळत असते, पण त्याला ढकलायला रक्तच पुरेसे उरत नाही. या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. पॅरिसच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर करताना ती प्रथम नोंदवली. पहिल्या डोसातून वाचलेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याहून बऱ्याच कमी डोसाने काही मिनिटांत दगावले. रिशे यांना या कामासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आधीचा डंख निभावला म्हणून पुढचाही निभावेल, या समजुतीला त्या प्रयोगानेच धक्का दिला.

सर्वांगीण प्रतिक्रियेचे घड्याळ स्थानिक सुजेपेक्षा अगदी वेगळे असते. ती बहुतेक वेळा डंखानंतर पाच ते तीस मिनिटांत सुरू होते आणि जितकी लवकर सुरू होते तितकी सहसा तीव्र असते. पहिल्या खुणा बारीक असतात आणि माणूस त्या झटकून टाकतो: तळहात, तळपाय, टाळू किंवा जांघेत खाज, कानात गरम वाटणे, चेहरा लाल होणे, जिभेला मुंग्या येणे. मग अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, पापण्या आणि ओठ सुजतात. आवाज घोगरा होणे, घास अडकल्यासारखे वाटणे, कोरडा खोकला सुरू होणे किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे याचा अर्थ प्रतिक्रिया श्वासमार्गात शिरली आहे. पोटात कळा, उलटी आणि जुलाब झाले तर ते खाण्यातले काही बाधले म्हणून सोडून दिले जाते. डंखानंतरच्या अर्ध्या तासात मात्र तो ॲनाफिलॅक्सिसचाच भाग समजावा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, जलद आणि क्षीण नाडी या रक्तदाब कोसळल्याच्या खुणा. ‘आता आपले काही खरे नाही’ अशी अचानक दाटून येणारी भीतीही डॉक्टर लक्षण म्हणूनच नोंदवतात.

अंगावर पित्त उठले नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असे मात्र नसते. दहातल्या एक-दोन रुग्णांत कातडीवर काहीच दिसत नाही. डंखाच्या बाबतीत तर कधी सरळ रक्तदाबच कोसळतो आणि माणूस उभ्या उभ्या खाली पडतो.

एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. पन्नाशीतला, ६० किलो वजनाचा एक शेतकरी सकाळी दहा वाजता गोठ्याच्या वाशाला लागलेले गांधीलमाश्यांचे पोळे काढायला जातो आणि उजव्या मनगटावर एक डंख बसतो. मागच्या वर्षीही त्याला डंख झाला होता आणि तेव्हा हात तीन दिवस सुजला होता. म्हणून या वेळी तो सुजेकडेच लक्ष ठेवतो आणि गाठ लहान पाहून निश्चिंत होतो. दहा वाजून सहा मिनिटांनी त्याचे तळवे खाजू लागतात. दहाव्या मिनिटाला बायकोला त्याची मान लाल दिसते, छातीवर गांधी दिसतात. इथेच निर्णय व्हायला हवा: डंख मनगटावर आहे आणि खुणा छातीवर आहेत. चौदाव्या मिनिटाला त्याला उलटी होते आणि परसाकडे जायची घाई होते. तो उठून चालू लागतो आणि दारातच कोसळतो.

उठून चालणे ही या प्रसंगातली सर्वांत महाग चूक. रक्तदाब पडलेला माणूस उभा राहिला की उरलेले रक्त पायांत उतरते आणि हृदय रिकामे पडते. ॲनाफिलॅक्सिसमधले काही मृत्यू नेमके रुग्णाला उठवून बसवले किंवा उभे केले त्या क्षणी झाल्याची नोंद आहे. म्हणून त्याला आहे तिथेच सपाट झोपवून पाय उशीवर उंच करायला हवेत. धाप लागली असेल तर पाय लांब सोडून पाठ टेकवून बसवावे, उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे. पाणी, चहा, गोळी असे तोंडाने काही देऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करून ‘माशी डसली’ एवढेच न सांगता अंगावर पित्त उठले आहे, उलटी झाली, चक्कर येऊन पडले, असे सांगावे. दुचाकीवर मधे बसवून नेणे म्हणजे त्याला पुन्हा उभे धरण्यासारखेच आहे. वाहन मिळेल ते घ्यावे, पण आडवे झोपवून न्यावे.

दवाखान्यात त्याला पहिले इंजेक्शन ॲड्रिनलिनचे मिळायला हवे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत दिले जाते. प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. या शेतकऱ्याला हिशेबाने ०.६ येते, म्हणून ०.५ दिले जाईल, म्हणजे एक मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधले अर्धे औषध. वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर पुरते. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर तोच डोस पुन्हा देता येतो. ॲड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींचे रिकामे होणे रोखते. ही तिन्ही कामे करणारे दुसरे औषध नाही आणि ते स्वस्त आहे. गफलत होते ती क्रमात. आधी एव्हिल आणि स्टेरॉइड देऊन ‘बघू या’ म्हणत थांबले जाते. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, पण पडलेला रक्तदाब वर येत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. ही औषधे नंतर द्यावीत. ॲड्रिनलिननंतर छाती धडधडते, हात थरथरतात. ते औषधाचेच लक्षण असते आणि थोड्या वेळात जाते. रुग्ण रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेत असेल तर ॲड्रिनलिनचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

बरे वाटले की लगेच घरी जाण्याचा आग्रह होतो. तो मान्य करू नये. काही रुग्णांत लक्षणे ओसरून काही तासांनी, नवा डंख नसताना, पुन्हा उसळतात. म्हणून निदान सहा तास, आणि रक्तदाब कोसळला असेल तर रात्रभर, देखरेखीखाली ठेवतात.

जागेचा नियम तीन ठिकाणी फसतो. पहिले, डंख तोंडाच्या आत किंवा घशात झाला तर. उसाच्या रसात किंवा शीतपेयाच्या बाटलीत शिरलेली माशी घोटाबरोबर तोंडात जाते. तिथली सूज स्थानिकच असते, पण श्वासाची वाटच बुजवू शकते. अशा वेळी बर्फ चोखत थेट रुग्णालय गाठावे, ॲलर्जी आहे की नाही याचा विचार नंतर करावा. ओठाला किंवा पापणीला बाहेरून डंख झाला तर उलट घडते: तिथली कातडी सैल असल्याने चेहरा भेसूर सुजतो, पण दुसरे काही नसेल तर तो ॲनाफिलॅक्सिस नव्हे.

दुसरे, आग्या मोहोळ उठल्यावर होणारे शेकडो डंख. किल्ल्यांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना ही मोहोळे असतात. कोणी खाली धूर केला किंवा दगड मारला की माश्या माणसांचा दूरवर पाठलाग करतात. पन्नासाहून अधिक डंख झाले की ॲलर्जी नसलेल्या माणसालाही विषाची एकूण मात्राच बाधते. उलटी, ताप, डोकेदुखी होते आणि एक-दोन दिवसांत स्नायूंच्या व रक्ताच्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी काळपट किंवा चहाच्या रंगाची होणे ही त्याची खूण. पहिल्या दिवशी बरे वाटते म्हणून अशा रुग्णाला सोडून देता येत नाही.

तिसरे, भीतीने येणारी भोवळ. तीही डंखानंतर काही मिनिटांतच येते. पण तिच्यात चेहरा पांढरा पडतो, अंग गार होते, नाडी मंद असते, खाज किंवा गांधी नसतात आणि आडवे केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा जलद असते आणि आडवे केल्यानेच तो सावरत नाही. शंका राहिली तर ॲड्रिनलिन देणे हेच कमी धोक्याचे.

एकदा सर्वांगीण प्रतिक्रिया झालेल्या माणसाने ॲलर्जीतज्ज्ञाकडे जावे, पण तपासणीसाठी चार-सहा आठवडे थांबून. त्याआधी कातडीवरची चाचणी फसवा निकाल देऊ शकते. कधीच त्रास न झालेल्याने नुसत्या काळजीपोटी रक्तचाचणी करू नये. अनेक निरोगी माणसांच्या रक्तात विषाविरुद्धची आयजीई सापडते आणि तिचा काहीच अर्थ नसतो. मोठ्या स्थानिक सुजेलाही सहसा चाचणी लागत नाही. लहान मुलांच्या अंगावर फक्त पित्त उठून गेले असेल तर पुढचा डंख त्यांना बहुधा त्याहून जड जात नाही. प्रौढांबद्दल एवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

तीव्र प्रतिक्रिया झालेल्यांसाठी विषाचीच लस असते. शुद्ध विषाचे अत्यल्प डोस वाढवत नेऊन ती तीन ते पाच वर्षे देतात. पूर्वी संपूर्ण माशी वाटून काढलेला अर्क टोचला जाई. १९७८ साली अमेरिकेत झालेल्या तुलनेत तो अर्क निरुपयोगी आणि शुद्ध विष परिणामकारक ठरले. गांधीलमाशीच्या विषाची लस घेतलेल्या दहांपैकी नऊजणांना पुढच्या डंखाला सर्वांगीण प्रतिक्रिया येत नाही. मधमाशीच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे आठ आहे. भारतात ही लस सगळीकडे मिळत नाही. ती मिळेपर्यंत, आणि ती सुरू असतानाही, अशा रुग्णाजवळ ॲड्रिनलिन असावे. आपोआप टोचणारे पेन परवडत नसेल तर डॉक्टर ॲम्प्यूल, सिरिंज आणि अर्ध्या मिलिलिटरची खूण दाखवून ते भरायला शिकवतात, आणि घरातल्या निदान एकाला तरी ते शिकवून ठेवावे लागते, कारण रक्तदाब पडलेल्या माणसाला स्वतःला ते भरता येईलच असे नाही.